चॅनेलवरची चूक: उत्तर नेमकं कुणाला लिहायचं?

प्रश्न: आमच्या टीम चॅनेलवर चाळीसेक जण आहेत. नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "`release` वर पुश होत नाहीये, एरर येतेय," आणि एररचा मजकूर टाकला, त्यात `fetch first` होतं. एका सिनिअर सरांनी लगेच लिहिलं, "`git push --force` मार, होऊन जाईल." दोघातिघांनी अंगठाही दिला. हे चुकीचं आहे याची मला खात्री आहे. पण सर माझ्यापेक्षा बरेच सिनिअर आहेत, माणूस म्हणून चांगले आहेत, आणि चारचौघांत त्यांची चूक काढणं मला बरं वाटत नाही. गप्प बसलो तर ती कमांड चालवेल. नेमकं काय लिहू?

उत्तर:

चॅनेलवरच लिहा, आत्ता लिहा, आणि ते त्या मुलीला उद्देशून लिहा. सरांशी बोलायचं ते लगेच पाठोपाठ, खासगीत. घाई असेल तर एवढ्यावरच थांबा आणि आधी तिला थांबवा, बाकीचं नंतर वाचा.

मी तुमच्या जागी असतो तर त्याच थ्रेडमध्ये हे टाकलं असतं:

> फोर्स करू नकोस, एक मिनिट थांब. तुझ्या एररमध्ये `fetch first` आहे, म्हणजे `release` वर कुणीतरी नवीन काम टाकलंय आणि ते अजून तुझ्या मशीनवर आलेलं नाही. फोर्स केलंस तर ते ब्रँचवरून उडेल. त्याऐवजी हे कर:

```
git pull --rebase origin release
git push origin release
```

> कॉन्फ्लिक्ट आला आणि गोंधळ वाटला तर `git rebase --abort` कर आणि इथे सांग, मिळून बघू. सर म्हणतायत तो फोर्स लागतो, पण आपल्या एकट्याच्या ब्रँचवर रिबेस केल्यानंतर. ही ब्रँच सगळ्यांची आहे.

आता यातली वाक्यं याच क्रमाने का, ते सांगतो. क्रम बदलला की हाच मजकूर वेगळा वाचला जातो.

"फोर्स करू नकोस" हे पहिलं, कारण मोबाइलवर किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात येणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे काही शब्दच दिसतात. मान राखायचा म्हणून बरेच जण "सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त एक छोटी गोष्ट…" अशी सुरुवात करतात. ती मुलगी टर्मिनलमध्ये असते, तिला वर "सरांचं म्हणणं बरोबर आहे" एवढंच दिसतं, आणि ती एंटर दाबते. अदब दाखवण्याच्या नादात तुम्ही चुकीच्या सल्ल्यावर शिक्का मारलेला असतो.

वाक्य तिला उद्देशून आहे, यात सगळ्यात जास्त काम होतं. "सर, हे बरोबर नाही" असं लिहिलंत, भाषा कितीही गोड असली तरी, की चेंडू सरांच्या कोर्टात जातो. चाळीस जणांसमोर त्यांना काहीतरी बोलावंच लागतं. मग ते एकतर स्वतःचं समर्थन करतील किंवा माफी मागतील. समर्थन केलं तर वाद सुरू होईल, माफी मागितली तर सगळे अवघडतील, आणि दोन्हीत मूळ प्रश्न विचारणारी मुलगी बाजूला राहील. तेच वाक्य तिला लिहिलं की सरांना उत्तर देण्याची गरजच उरत नाही. ते नुसता अंगठा देऊ शकतात, "हो, बरोबर, मी एरर नीट पाहिली नाही" म्हणू शकतात किंवा काहीच न बोलता पुढे जाऊ शकतात. तिन्ही वाटा त्यांच्यासाठी मोकळ्या राहतात.

पुढची गोष्ट पुराव्याची. गिट पुश नाकारतं तेव्हा ओळीच्या शेवटी कंसात कारण देतं, आणि त्या कारणांत फरक असतो. `fetch first` दिसलं तर रिमोटवर असे कमिट आहेत जे तुमच्या मशीनवर आलेलेच नाहीत. `non-fast-forward` दिसलं तर रिमोटचं ते टोक तुमच्याकडे आहे, पण तुमची ब्रँच त्याच्या मागे आहे किंवा वेगळ्या वाटेने गेली आहे. स्वतःच्या ब्रँचवर रिबेस किंवा `--amend` करून पुश केलं की सहसा हे दुसरं दिसतं, आणि तिथे फोर्सच लागतो. सरांच्या हाताला बहुधा तीच सवय आहे. त्यांनी "rejected" वाचलं, कंस वाचला नाही. हे इतकं नेहमीचं आहे की त्यात अज्ञानाचा प्रश्नच येत नाही.

म्हणून दुरुस्ती स्क्रीनवरच्या त्या दोन शब्दांवर टेकवायची. "मला माहीत आहे की हे धोकादायक असतं" असं म्हटलं की तुमचं ज्ञान विरुद्ध सरांचं ज्ञान असा सामना उभा राहतो, आणि मग अनुभवाची वर्षं मोजली जातात. "एररमध्ये `fetch first` आहे" म्हटलं की प्रत्येकाला वर जाऊन तो शब्द बघता येतो. सरांनाही बघता येतो, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून मत बदलतात. तुमच्या सांगण्यावरून बदलावं लागत नाही.

शेवटचं वाक्य, सरांचा सल्ला कधी लागू पडतो ते सांगणारं, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते केवळ सांत्वन म्हणून टाकायचं नाही. त्यात खरी माहिती आहे: फोर्स पुश ही वाईट कमांड नाही, तिची जागा वेगळी आहे. नव्या मुलीला हे कळलं नाही तर ती उद्या स्वतःच्या ब्रँचवरही फोर्स करायला घाबरेल आणि नको तिथे मर्ज कमिट घालत बसेल. चुकीच्या उत्तरात बऱ्याचदा एखादी अशी परिस्थिती दडलेली असते जिथे ते बरोबर ठरतं. ती शोधा. मात्र सापडली नाही तर बनवू नका. साफ चुकीच्या गोष्टीला "काही प्रसंगी हेही चालतं" म्हणणं वाचणाऱ्याची दिशाभूल करतं, आणि ज्याची चूक आहे त्यालाही ते कुबडी दिल्यासारखं वाटतं. अशा वेळी ते वाक्य सरळ गाळा, उरलेला मजकूर पुरेसा आहे.

थ्रेडमध्ये लिहायचं की मुख्य चॅनेलवर, हा प्रश्न हमखास येतो. ज्यांनी चुकीची ओळ वाचली त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचली पाहिजे, त्याहून एकही जण जास्त नको. इथे प्रश्न आणि उत्तर दोन्ही थ्रेडमध्ये असतील तर तुम्हीही थ्रेडमध्येच राहा. सरांनी मुख्य चॅनेलवर उत्तर दिलं असेल तर थ्रेडमध्ये कुजबुजून उपयोग नाही, कारण थ्रेडमधल्या उत्तराची सूचना सहसा त्यात भाग घेतलेल्यांनाच जाते. बाकीच्यांनी वर फोर्सची ओळ वाचलेली असते आणि खालची चर्चा उघडलेलीच नसते. तेव्हा तुम्हालाही मुख्य चॅनेलवर यावं लागतं. उलट, थ्रेडमधल्या चुकीचं उत्तर मोठ्या आवाजात मुख्य चॅनेलवर आणणं, किंवा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर "हे बघा" म्हणून टाकणं, म्हणजे चव्हाट्यावर आणणं. हेतू काहीही असो.

काही गोष्टी सभ्य दिसतात, पण जास्त बोचतात. "सर, माझं चुकत असेल, पण फोर्स केल्याने इतरांचे कमिट जात नाहीत का?" हा प्रश्न नाही, हे सगळ्यांना कळतं. खोटा प्रश्न म्हणजे समोरच्याला तोंडी परीक्षेला बसवणं. शिवाय ती मुलगी गोंधळते, की हे दोघं आता आपापसांत ठरवणार आहेत का? वाक्याअखेरची हसरी स्मायलीही तशीच. खासगीत ती ऊब देते, चारचौघांतल्या दुरुस्तीला लागली की खिजवल्यासारखी वाटते. टीम लीडला टॅग करणं तर नकोच. तुम्हाला दुजोरा हवा असेल तर तो एररमधून येतोय, साहेबांकडून आणायची गरज नाही. आणि तुमच्या आधी दुसऱ्या कुणी नेमकं हेच लिहिलं असेल तर तुम्ही काहीही लिहू नका. एकाने सांगितलं तर दुरुस्ती, चौघांनी सांगितलं तर तोच मजकूर हल्ला होतो.

आता सरांना पाठवायचा खासगी मेसेज. तो पाच मिनिटांच्या आत जायला हवा. उशीर झाला की त्यांना थ्रेड आधी दिसतो आणि तुमचं स्पष्टीकरण सारवासारव वाटतं.

> सर, `release` च्या थ्रेडमध्ये मी तिला फोर्स करू नकोस म्हटलंय. ती कमांड चालवण्याच्या बेतात होती, म्हणून तुम्हाला आधी विचारायला थांबलो नाही. तिच्या एररमध्ये `fetch first` होतं. पुढे कुणी सर्च करून तीच ओळ उचलू नये म्हणून तुमच्या मेसेजमध्ये "फक्त स्वतःच्या ब्रँचवर" एवढं घालता येईल का?

यात माफी नाही, कारण माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही. मात्र त्यांना न विचारता आधी सगळ्यांसमोर का लिहिलं याचं कारण आहे, आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच असणार. शेवटी करायची गोष्ट एकच मागितली आहे, तीही छोटी.

मेसेज डिलीट करा असं सुचवू नका. डिलीट केला की तुमचं "फोर्स करू नकोस" अधांतरी लटकतं, आणि ज्यांनी आधी वाचलं होतं त्यांना काहीतरी दडपल्यासारखं वाटतं. बदल केला की मेसेजवर तशी खूण दिसते आणि गोष्ट तिथेच मिटते. पण मेसेज बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असंही समजू नका. बदललेल्या मेसेजकडे आधी वाचून गेलेला माणूस परत वळत नाही. बदल पुढे येणाऱ्यांसाठी आहे, आत्ताच्यांसाठी थ्रेडमधलं तुमचं उत्तर.

कदाचित सर म्हणतील, "मग मी `--force-with-lease` लिहितो, ते सेफ आहे." चांगली सूचना आहे, पण इथे अर्धीच. ही कमांड रिमोटची ब्रँच तुमच्या मशीनला शेवटची जिथे दिसली होती तिथेच आहे का हे तपासते, आणि पुढे सरकली असेल तर पुश नाकारते. मात्र एडिटर मागच्या मागे आपोआप `fetch` करत असेल तर तुमच्या मशीनला नवं टोक माहीत झालेलं असतं, तुम्ही ते पाहिलेलं नसलं तरी. मग तपासणी पास होते आणि दुसऱ्याचं काम तरीही जातं. त्यासाठी गिटच्या 2.30 आवृत्तीपासून जोडीला `--force-if-includes` आहे. हे सगळं सरांशी खासगीत बोला. थ्रेडमध्ये त्या मुलीला याची आत्ता गरज नाही, आणि तिथे लिहिलंत तर दुसऱ्यांदा दुरुस्ती केल्यासारखं दिसेल.

तुमच्या प्रसंगात मी खासगीच्या आधी चॅनेल सांगितलं, पण तो सरसकट नियम समजू नका. कसोटी अशी: सर माझा खासगी मेसेज वाचतील तोपर्यंत कुणी त्या चुकीवर कृती करून बसेल का? कमांडच्या बाबतीत हो, कारण ती मुलगी कीबोर्डवर बसली आहे. पुढच्या आठवड्याच्या रिलीजची तारीख चुकली असेल तर नाही. मग आधी त्यांना एकट्याला सांगा, लिंक द्या, आणि दुरुस्ती त्यांच्याच नावाने होऊ द्या. दिवस उलटला तरी झाली नाही तर तुम्ही टाका. टायपो, शुद्धलेखन, जुनं नाव वापरलं असल्या गोष्टींना उत्तरच लागत नाही. आणि चॅनेलवर कुणी पासवर्ड किंवा एपीआय की पेस्ट केली तर सरळ फोन करा. तिथे मेसेज काढणं हे दुसरं काम, ती की रद्द करून नवीन घेणं हे पहिलं, कारण चाळीस जणांच्या नोटिफिकेशनमध्ये ती आधीच गेलेली असते. चॅनेलवर नंतर फक्त "ती की बदलली आहे, नवी नेहमीच्या जागेवरून घ्या" एवढं पुरतं. कुणी पेस्ट केली होती हे लिहायची काहीच गरज नाही.

सगळं नीट करूनही सर थ्रेडमध्ये लिहू शकतात, "अरे आम्ही कायम असंच करतो, काही होत नाही." इथे खरी परीक्षा आहे, कारण आता ते तुमच्याशी बोलतायत. तरीही तुम्ही परत तिच्याकडेच वळा:

> फोर्स केल्यावर काय काय जाईल ते आधी बघू. `release` वर असतानाच हे चालव आणि आउटपुट इथे टाक.

```
git fetch origin
git log --oneline HEAD..origin/release
```

दुसरी ओळ रिमोटवर असलेले पण तिच्याकडे नसलेले कमिट दाखवते. म्हणजे फोर्स केल्यावर ब्रँचवरून नेमकं जे उडालं असतं, त्याची यादी. तिने ती टाकली आणि त्यात दुसऱ्या कुणाच्या दोन फिक्स दिसल्या की वाद संपतो, आणि तो तुम्ही जिंकलात असंही होत नाही. यादी रिकामी आली, तर सरांचं म्हणणं या वेळी खरं ठरलं. तसं मोकळेपणाने लिहा. (`fetch first` आलं होतं म्हणजे रिकामी यायची शक्यता जवळपास नाही, पण दरम्यान तिने पुल केलेलं असू शकतं.)

आणि तिने आधीच फोर्स केलेलं असेल तर? मग कुणी सांगितलं, का सांगितलं हे पूर्ण बाजूला. तिच्या टर्मिनलमध्ये अशी एक ओळ असेल:

```
 + 4f2a9c1...b7d03e8 release -> release (forced update)
```

डावीकडचा हॅश म्हणजे ब्रँचचं जुनं टोक. ते हरवलेलं नाही, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट गेली आहे. पण ते कमिट तिच्या मशीनवर नाहीत, `fetch first` चा अर्थच तो. म्हणून थ्रेडमध्ये एवढंच लिहा: "`release` वर आज ज्यांनी पुश केलंय त्यांनी कृपया आत्ता पुल करू नका. ज्याच्याकडे `4f2a9c1` आहे त्याने ते वेगळ्या नावाने वर टाका."

```
git push origin 4f2a9c1:refs/heads/release-bachav
```

हे झालं की काम सुरक्षित. मग निवांतपणे दोन्ही ब्रँच जुळवता येतात. या सगळ्यात त्या मुलीला कुणीतरी "घाबरू नकोस, सापडलंय" एवढं खासगीत लिहायला हवं. बहुतेकदा ते सरच लिहितात. नाही लिहिलं तर तुम्ही लिहा.

एक काम उरतं, आणि ते त्याच दिवशी करू नये. सामायिक ब्रँचवर फोर्स पुश मुळात होऊच शकतो, ही सेटिंगमधली उणीव आहे. गिटहबवर किंवा गिटलॅबवर ब्रँच प्रोटेक्टेड केली की फोर्स पुश सुरुवातीपासूनच बंद असतो, तो मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणजे तुमच्या `release` वर प्रोटेक्शन लावलेलंच नाही, किंवा लावून कुणीतरी ही सवलत दिली आहे. पण त्याच थ्रेडखाली "आता फोर्स बंद करून टाकूया" असं लिहिलंत तर तो सरांवरचा ठराव म्हणून वाचला जाईल. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग कुठल्या ब्रँच प्रोटेक्टेड आहेत याची पूर्ण यादी काढा, `main` पासून सगळ्या, आणि ती सरांनाच दाखवून विचारा की यात काय राहिलंय. `release` ते स्वतःच दाखवतील, आणि बदलाची विनंती त्यांच्या नावाने जाईल.